मोकळा भात : जुन्या आणि नव्या तांदळाला पाणी किती?

प्रश्न : मी कुकरमध्ये नेहमी एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालते. तरी कधी भात मोकळा होतो आणि कधी अगदी गोळा होतो. दुकानदार म्हणतो तांदूळ नवा आहे, पाणी कमी घाला. पण कमी म्हणजे किती?

उत्तर :

भातासाठी घातलेल्या पाण्याच्या दोन वाटा असतात. काही पाणी दाणा पितो आणि काही वाफ होऊन उडून जाते. दाणा किती पिईल हे तांदळाच्या जातीवर आणि वयावर ठरते, तर किती उडेल हे भांडे, झाकण आणि आच यांवर ठरते. ‘एकास दोन’ या मापात हे दोन्ही हिशेब एकत्र कालवलेले असतात, म्हणून ते कधी जमते आणि कधी फसते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. कुकरमध्ये वरच्या भांड्यात भात लावला, तर त्यातले पाणी जवळजवळ उडतच नाही. दोन वाट्या घातल्या की त्या दोन्ही तांदळाच्याच वाट्याला येतात. वर्षभर जुना कोलम ते पाणी कसाबसा पचवतो, पण नव्याला ते झेपत नाही. उरलेल्या पाण्यात दाण्यातून सुटलेले पिष्ट उतरते आणि थंड होताना तेच खळीसारखे दाणे एकमेकांना चिकटवते.

माझ्या घरी वाडा कोलम असतो, म्हणून आकडे त्याचेच देते. एक वाटी जुना कोलम सुमारे दीड वाटी पाणी पितो आणि त्याच हंगामातला नवा सव्वा वाटीच्या आसपास. कुकरच्या भांड्यात मोकळ्या भातासाठी एवढेच पाणी पुरते. जुन्याला थोडा मऊपणा हवा असेल, तर पावणेदोन वाट्या घालाव्यात. पातेल्यात झाकण ठेवून शिजवायचे असेल, तर उडणाऱ्या पाण्याची भर घालावी लागते. ती मोजण्यासाठी मी एकदा नुसत्या पाण्याचे आधण ठेवले होते. उकळी आल्यावर तीन वाट्या मोजून घेतल्या, झाकण घालून पंधरा मिनिटे मंद आचेवर ठेवल्या आणि उरलेले पुन्हा मोजले, तर अडीच भरल्या. म्हणजे त्या पातेल्यातून अर्धी वाटी उडते. आपल्या पातेल्याचा आकडा वेगळा येईल, पण एकदा काढला की कायमचा कामाला येतो.

आता यातली खरी गोम सांगते. उडणारे पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढत नाही. पातेले आणि वेळ तीच असेल, तर एका वाटीला अर्धी वाटी उडते आणि चार वाट्यांनाही साधारण अर्धीच. त्यामुळे एक वाटी जुन्या कोलमला पातेल्यात दोन वाट्या पाणी बरोबर बसते, पण चार वाट्यांना आठ नव्हे, साडेसहाच लागते. हाच तांदूळ नवा असेल, तर चार वाट्यांना पाच अधिक अर्धी, म्हणजे साडेपाच.

हे मला कळले ते फजिती झाल्यावर. एका दिवाळीनंतर घरी पाहुणे आले होते आणि मसालेभाताचा बेत होता. तांदूळ नुकताच आणलेला, नवा. मी सवयीने चार वाट्यांना आठ वाट्या पाणी घातले. वरच्या हिशेबाने अडीच वाट्या जास्त झाले होते. भात उलथन्याने वडीसारखा कापून वाढावा लागला. दोन माणसांच्या रोजच्या भातात हीच चूक पाव वाटीची असते, म्हणून ती लक्षात येत नाही.

नवा तांदूळ ओला असतो म्हणून कमी पाणी घेतो, असे सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. साठवणीसाठी वाळवलेल्या तांदळात, नवा असो वा जुना, ओलाव्याचा फरक फार थोडा उरतो. मुख्य बदल दाण्याच्या आत होतो. साठवणीत दाण्यातली प्रथिने आणि पेशींच्या भिंती हळूहळू घट्ट होत जातात. त्यामुळे शिजताना दाणा फुगतो, लांबतो, पण फुटत नाही, आणि त्यातले पिष्ट पाण्यात कमी उतरते. नव्या दाण्याचा हा आवळ ढिला असतो. हा बदल कापणीनंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत सर्वांत वेगाने होतो, म्हणून दिवाळीत सव्वा वाटी पाण्यात होणारा तांदूळ गुढीपाडव्याच्या सुमारास थोडे अधिक पाणी मागू लागतो. पोते तेच असले तरी माप वर्षभर एकच राहत नाही.

तांदूळ नवा की जुना याबाबत दुकानदाराच्या शब्दावर सगळी भिस्त ठेवू नये. जुना दाणा किंचित पिवळसर दिसतो आणि दाताखाली कटकन तुटतो. शंका असेल, तर मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात बारा मिनिटे उकळावा. पाणी पेजेसारखे दाट झाले आणि शिते कडेने फुटली, तर तो नवा समजून सव्वाच्या मापाने सुरुवात करावी. पाणी पातळ राहिले आणि शितात मधोमध अजून कणी लागली, तर तो जुना.

भिजवण्याचाही हिशेब धरावा लागतो, आणि बहुतेक जण तोच विसरतात. वर दिलेली मापे धुऊन लगेच निथळलेल्या तांदळाची आहेत. अर्धा तास भिजवलेला तांदूळ वाटीमागे साधारण पाव वाटी पाणी आधीच पिऊन बसलेला असतो. तेवढे पाणी वरून कमी करावे. नवा तांदूळ मी भिजवतच नाही. धुऊन दहा मिनिटे रोळीत निथळत ठेवते आणि चमचाभर तुपावर दाणे हलके परतून मगच आधणाचे पाणी घालते. लिंबाचे थेंब टाकण्याचा उपाय अनेक जण सांगतात. भात पांढरा दिसतो हे खरे, पण पाण्याची चूक लिंबाने सुधारत नाही.

पाणी घातल्यावर एकदाच हलवावे. पुढे डाव घालून ढवळले, तर दाणे मोडतात आणि पिष्ट सुटते. पाणी आटून भातावर छिद्रे दिसू लागली की आच अगदी मंद करावी, पाच मिनिटांनी बंद करावी आणि झाकण न उघडता दहा मिनिटे वाफ जिरू द्यावी. गरम शित नाजूक असते, ते या वेळात आवळते. मग कडेने उलथने घालून भात परातीत सैल पसरावा. कुकरचा भात मात्र दाब उतरल्यावर तासभर आत ठेवू नये, कारण वर साचलेले पाणी त्यावरच गळत राहते.

तांदूळ अगदीच कोवळा असेल आणि मापावर भरवसा नसेल, तर भात वेळून घ्यावा. सहापट पाणी उकळून त्यात तांदूळ सोडावा, शित दाबल्यावर किंचित कणी लागेल तेव्हा पाणी निथळून टाकावे आणि झाकण घालून पाच-सात मिनिटे अगदी मंद आचेवर ठेवावे. सुटलेले पिष्ट त्या पाण्याबरोबर निघून जाते. त्यासोबत काही जीवनसत्त्वेही जातात, म्हणून ते पाणी मी मीठ घालून पिते किंवा आमटीत घालते.

हे सारे कोलम किंवा बासमतीसारख्या तांदळाचे झाले. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर आणला असेल, तर पाणी कितीही कमी केले तरी तो जातीनेच चिकट आहे. कमी पाण्यात तो मोकळा होणार नाही, फक्त कच्चा राहील. तो वरण-तुपाबरोबर मऊ करून खावा आणि मसालेभातासाठी वेगळा जुना कोलम डब्यात ठेवावा.