एक लिटर तेल ९१० ग्रॅमच का भरतं?

प्रश्न: एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलंय. माप मारलंय का? आणि रेसिपीतले ग्रॅम मिलिमध्ये कसे करायचे?

उत्तर: माप बरोबर आहे. लिटर म्हणजे किती जागा व्यापली ते, ग्रॅम म्हणजे वजन. तेलाचे रेणू कार्बन-हायड्रोजनच्या लांब, वेड्यावाकड्या साखळ्यांचे असतात. पाण्याचे इवलेसे रेणू मात्र एकमेकांना घट्ट ओढून धरतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त वजन मावतं. मधात तर साधारण ८० टक्के साखरच विरघळलेली असते, आणि साखर पाण्यापेक्षा बरीच जड. घट्टपणावर जाऊ नका. तेल पाण्यापेक्षा घट्ट असूनही त्यावर तरंगतंच.

एक मिलि पाणी १ ग्रॅम, तेल सुमारे ०.९१, मध सुमारे १.४२. मिलिला या आकड्याने गुणलं की ग्रॅम, ग्रॅमला भागलं की मिलि.

समजा लोणच्याला २०० ग्रॅम तेल हवंय. २०० ÷ ०.९१ म्हणजे जवळपास २२० मिलि. मापाने २०० मिलिच ओतलंत तर पडेल १८२ ग्रॅम, आणि फोडी वर उघड्या राहू शकतात. उलट २०० ग्रॅम मध जेमतेम १४० मिलि होतो.

तेल तापलं की फुगतं, त्यामुळे गरम तेलाचा लिटर आणखी हलका. म्हणून पिशव्यांची तुलना करायची तर लिटर न बघता ग्रॅम बघा. कडकडीत फोडणीचं तेलही आधीच मोजून घ्यावं.