टॅलीतला `Dr`/`Cr` बॅलन्स एक्सेलमध्ये चुकतो, काय करायचं?

प्रश्न: टॅलीतून पार्टीचं लेजर एक्सेलमध्ये काढलं. डेबिट, क्रेडिट, बॅलन्स वेगळे दिसतात, पण बॅलन्सवर हिशेब केला की आकडा चुकतो. का?

उत्तर: बॅलन्सच्या एखाद्या `Cr` लिहिलेल्या सेलवर क्लिक करा आणि वर फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथे नुसता आकडा असेल, `Cr` नसेल, वजाचं चिन्हही नसेल. टॅली `Dr` आणि `Cr` ही अक्षरं सेलच्या फॉरमॅटमध्ये घालते, आकड्यात नाही. त्यामुळे एक्सेलच्या लेखी येणं आणि देणं दोन्ही सारखंच.

मी इंदूरला सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याची वही सांभाळायचो, तेव्हा याच कॉलमवर फिल्टर लावून वसुलीची यादी केली होती. ज्या पार्टीचा ॲडव्हान्स आमच्याकडे पडून होता, तिलाच तगाद्याचा फोन गेला. तेव्हापासून टॅलीचा बॅलन्स मी फक्त ताळा करायला ठेवतो आणि शिल्लक एक्सेलमध्येच काढतो.

लेजर उघडून `Alt+E` ने एक्सेल फाइल काढा. नको असलेले कॉलम उडवून डेबिट E मध्ये, क्रेडिट F मध्ये आणा. ओपनिंग बॅलन्सची ओळ दुसरी ठेवा, त्याची रक्कम E किंवा F मध्ये असतेच. मग G2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=SUM(E$2:E2)-SUM(F$2:F2)
```

आधीच्या शिल्लकेत बेरीज-वजाबाकी करणारा साधा फॉर्म्युलाही चालतो, पण मध्येच कुठे मजकूर आला तर तो `#VALUE!` देतो. `SUM` मजकूर सोडून देतं.

समजा ओपनिंग १८,५०० नावे आहे. ४ एप्रिलला ४२,३०० ची विक्री झाली, शिल्लक ६०,८००. ९ तारखेला पार्टीने ७०,००० भरले, शिल्लक -९,२००, म्हणजे आता आपणच देणं लागतो. १५ ला २५,००० चा माल गेला, शिल्लक १५,८०० नावे. ती -९,२०० ची ओळ टॅलीच्या कॉलममध्ये नुसती ९,२०० असते. घोळ तिथेच होतो.

`Dr`, `Cr` दिसायला हवं असेल तर G कॉलम निवडून `Ctrl+1`, मग `Custom` मध्ये हे टाका:

```
#,##0.00" Dr";#,##0.00" Cr";0.00
```

दिसेल टॅलीसारखंच, पण आतलं वजाचं चिन्ह शाबूत राहील, म्हणून फिल्टर आणि बेरीज बरोबर येतील.

फॉर्म्युला शेवटच्या व्हाउचरपाशी थांबवा. त्याखाली टॅली दोन्ही बाजूंची बेरीज आणि क्लोजिंग बॅलन्स छापते, आणि नावे शिल्लक असलेल्या खात्याचं क्लोजिंग क्रेडिटच्या बाजूला येतं, दोन्हीकडची बेरीज जुळावी म्हणून. वरच्या उदाहरणात १५,८०० F मध्ये दिसतील. फॉर्म्युला तिथपर्यंत ओढला तर या ओळींचे आकडेही हिशेबात धरले जातात आणि शिल्लक चुकते. शेवटी भलतीच शिल्लक दिसली, की आधी याच ओळी तपासा.