ग्रुपवरून काढलेला पेन्शनचा कागद पुतण्याकडे पुन्हा मागताना

"मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. माझा पेन्शनचा मूळ आदेश कोषागारातील कामासाठी पुतण्याकडे दिला आहे. त्याने त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि मी नीट पाहण्याआधीच काढून टाकला. तो पुन्हा मागितला, तर काकांचा आपल्यावर विश्वास नाही, असे त्याला वाटेल. मी पत्र लिहू का?"

पत्र अवश्य लिहावे, असे मी त्यांना सांगितले. फोनवर आवाज चढला की मूळ मागणी बाजूला राहते, पत्रात मात्र ती दोनदा वाचून दुरुस्त करता येते. त्यांनी मसुदा आणलाच होता. त्याची सुरुवात अशी होती : "तू आदेश काढून का टाकलास, याचा खुलासा व्हावा. थोरांना विचारून करण्याची आपल्या घराची रीत आहे." फोटोची मागणी थेट दुसऱ्या पानावर होती. आयुष्यभर कार्यालयीन पत्रव्यवहार केलेल्या माणसाच्या हातून "खुलासा व्हावा" हे शब्द सहज उतरतात, परंतु घरात ते कारणे दाखवा नोटिशीसारखे वाचले जातात.

मी त्यांना विचारले, की तुम्ही स्वतः नेमके काय पाहिलेत? त्यांनी पडद्यावर This message was deleted एवढीच ओळ पाहिली होती. त्या ओळीवरून संदेश काढला गेला, इतकेच कळते, का काढला ते कळत नाही. पुतण्या काहीतरी लपवतो आहे, कोषागारातील काम बिघडले असावे, या गोष्टी त्यांच्या मनाने त्या ओळीत भरल्या होत्या. मी दुसरी शक्यता मांडली. पेन्शनच्या आदेशावर पीपीओ क्रमांक, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख असा तपशील असतो. हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने पेन्शनधारकांना फोन करून, हाच तपशील घडाघडा म्हणून दाखवून ओटीपी मागणारे भामटे असतात. ज्या ग्रुपमध्ये व्याही आणि दूरचे नातलगही आहेत, तिथून असा कागद काढणे शहाणपणाचे ठरते. मात्र ही केवळ शक्यता आहे, तेव्हा पत्रात तीही पुतण्याच्या तोंडी घालू नये, हे मी आवर्जून सांगितले. कारण त्याचे त्यानेच सांगावे.

मग त्यांना फोटो कशासाठी हवा होता, हे विचारले. बराच वेळ ते आडवळणाने बोलत राहिले. अखेरीस म्हणाले, "आदेशात हिचे नाव आधार कार्डासारखेच आहे का, ते पाहायचे होते. माझ्यामागे हिला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हेलपाटे नकोत." माझ्या मते साऱ्या पत्राचा जीव या वाक्यात होता आणि मसुद्यात नेमके तेच नव्हते. मरणाचा विषय पुतण्यापुढे काढायचा नव्हता, म्हणून त्याची जागा तक्रारीने घेतली होती.

नवे पत्र त्यांनीच माझ्यासमोर बसून लिहिले :

"चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तू ग्रुपवर टाकलेला माझ्या पेन्शन आदेशाचा फोटो आता तिथे दिसत नाही. मला तो नीट पाहता आला नव्हता. तुझ्या काकूचे नाव त्यात कसे लिहिले आहे, ते मला तपासायचे आहे, म्हणून तो फक्त माझ्या नंबरवर पुन्हा पाठव. फोनमध्ये उरला नसेल, तर मूळ कागदाचा नवा काढ. सर्व पाने, चारही कडा आणि शिक्के दिसतील असे पाहा. रविवारपर्यंत जमले तर बरे, न जमल्यास तसे कळव. मूळ कागद काम झाल्यावर येताना घेऊन ये."

यात "का" हा शब्द नाही. मुदत आहे, पण ती न पाळता आल्यास काय करायचे, तेही आहे. पाठवण्याच्या बाबतीत मी दोनच सूचना जोडायला लावल्या. फोटो View once करून पाठवू नये, कारण तो एकदा उघडल्यावर पुन्हा पाहता येत नाही आणि काकांना आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षरे ताडायची होती. शिवाय तो Document म्हणून पाठवावा. साधा फोटो पाठवताना त्याचा आकार कमी केला जातो आणि बारीक टंकलेली अक्षरे फिसकटतात.

पुतण्याने पत्र मिळताच पाने पाठवली आणि सोबत लिहिले, "काका, ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते नंतर लक्षात आले, म्हणून काढले. सांगायचे राहून गेले." काकूंच्या नावात आदेशात माहेरचे आडनाव निघाले, आधारवर सासरचे होते. अशी दुरुस्ती फोटोवर होत नाही. निवृत्त झालेल्या कार्यालयामार्फत महालेखापालांकडे अर्ज जावा लागतो, सोबत नावातील बदलाचा पुरावा लागतो. त्यांच्याकडे विवाह नोंदणीचा दाखला नव्हता, म्हणून राजपत्रात नाव बदलून घेता येईल का, याची चौकशी आता पुतण्याच करतो आहे.