पोस्टिंगची तारीख आधी लिहा आणि मागे मोजत या

प्रश्न: नोकरी सांभाळून दर गुरुवारी एक व्हिडिओ टाकायचा आहे. महिन्याचं कॅलेंडर बनवते, पण दुसऱ्याच आठवड्यात कोलमडतं. विषय, शूटिंग आणि पोस्टिंगच्या तारखा कशा बसवाव्यात?

बहुतेक कॅलेंडरांत फक्त पोस्टिंगच्या तारखा असतात आणि तिथंच घोळ होतो. व्हिडिओ गुरुवारी जातो, पण त्याचं काम दोन-तीन आठवडे आधी सुरू झालेलं असतं. ते दिवस कागदावर नसले की आपल्याला वाटतं, वेळ आहे अजून.

पहिलं काम म्हणजे एडिटिंगला खरोखर किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. माझ्या दहा मिनिटांच्या व्हिडिओला सात-आठ तास लागतात. नोकरीवरून आल्यावर रोज दोन तास मिळतात, म्हणजे चार संध्याकाळी. सगळं गणित या आकड्यावर उभं आहे. शूटिंग एका दिवशी दोन-तीन व्हिडिओंचं उरकता येतं, एडिटिंग मात्र एकेकच करावं लागतं.

समजा, १ तारखेला रविवार आहे. गुरुवार येतात ५, १२, १९ आणि २६ तारखेला. मी १ आणि १५ या दोनच रविवारी शूट करतो, दर वेळी दोन व्हिडिओ. पूर्वी एका दिवसात चार करायचो. तिसऱ्यापासून आवाज बसायचा आणि चौथा ऐकतानाच थकवा कळायचा. तो पुन्हा शूट करावा लागे, मग वाचवलेला दिवस गेलाच.

१ तारखेला शूट केलेला पहिला व्हिडिओ १२ ला जातो, दुसरा १९ ला. १५ तारखेचा पहिला २६ ला आणि दुसरा थेट पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. ५ तारखेचा अर्थातच मागच्या महिन्यात शूट झालेला असतो. शूटिंगचा महिना आणि पोस्टिंगचा महिना एक नसतो, हे लक्षात आल्यावर माझं कॅलेंडर पहिल्यांदा टिकलं.

बुधवार ते शनिवार एडिटिंग, सोमवार-मंगळवार स्क्रिप्ट. दोन आठवड्यांत स्क्रिप्टच्या चार संध्याकाळी मिळतात आणि दोन व्हिडिओंना त्या पुरतात. शीटमध्ये A2 मध्ये पोस्टिंगचा गुरुवार लिहा, बाकीच्या तारखा आपोआप येतील:

```
=A2-2    अपलोड करून शेड्यूल
=A2-8    एडिटिंग सुरू
=A2-11   शूट (दिवसातला पहिला)
=A2-18   शूट (दिवसातला दुसरा)
```

स्क्रिप्ट शूटच्या पाच दिवस आधीच्या मंगळवारी पूर्ण हवी. १५ च्या शूटसाठी म्हणजे १० तारखेला. त्या दिवशी एकच स्क्रिप्ट तयार असेल तर १५ ला एकच व्हिडिओ शूट करा. अर्धवट स्क्रिप्ट घेऊन कॅमेऱ्यासमोर बसलं की तोच भाग पाचदा बोलावा लागतो आणि एडिटिंगच्या चार संध्याकाळींच्या सहा होतात.

विषय कुठं बसवायचे हेही या ११ आणि १८ दिवसांवरून ठरतं. एखादं नवं अपडेट, नुकतीच निघालेली चर्चा, असा विषय असेल तर तो पहिल्या जागी घ्या. दुसऱ्या जागी सदाबहार विषयच हवा, कारण तो अडीच आठवडे पडून राहणार. दहा दिवससुद्धा थांबू न शकणारे विषय या पद्धतीत बसतच नाहीत. बातम्यांच्या चॅनलला हे कॅलेंडर उपयोगाचं नाही.

आता कच्चा दुवा. ८ आणि २२ चे रविवार मोकळे असतात, राहिलेलं एडिटिंग तिथं भरून निघतं. पण १९ च्या व्हिडिओचं एडिटिंग ११ ते १४ मध्ये होतं आणि लगेच १५ ला शूट असतं. उसंतच नाही. म्हणून त्याचा थंबनेल आणि शीर्षक मी ८ लाच करून ठेवतो. त्यासाठी थंबनेलचे फोटो शूटच्या दिवशीच, लाइट काढायच्या आधी घ्यावे लागतात. हे विसरलात तर पुन्हा तोच शर्ट, तोच लाइट मांडून बसावं लागतं. आणि प्रत्येक व्हिडिओआधी मिनिटभर रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐका. माइक बंद राहिला तर दोन आठवड्यांचे व्हिडिओ एका झटक्यात जातात.

शेवटची गोष्ट, एक सदाबहार व्हिडिओ कायम तयार ठेवा. यूट्यूबवर तो अपलोड करून प्रायव्हेट ठेवता येतो. शुक्रवारी रात्रीपर्यंत एडिटिंग निम्म्यावरही आलं नसेल तर रविवारची वाट बघू नका, तोच पुढच्या गुरुवारी शेड्यूल करा आणि अडकलेला व्हिडिओ पूर्ण झाला की राखीव म्हणून ठेवा. फक्त अडकलेला विषय वेळेशी बांधलेला असेल तर तो राखीव म्हणून चालणार नाही. मग पुढच्या शूटला एक सदाबहार विषय जास्तीचा घ्यावा लागेल, त्या दिवसापुरते तीन.