कोमोरेबी : पानांतून गळणारं ऊन

प्रश्न : ‘परफेक्ट डेज’ हा चित्रपट पाहिला. शेवटी पडद्यावर ‘कोमोरेबी’ या शब्दाचा अर्थ दिला होता. हा शब्द भाषांतर न करता तसाच का ठेवतात? आपला ‘कवडसा’ चालणार नाही का?

उत्तर : आधी शब्द उलगडून पाहू, म्हणजे त्याच्याभोवतीचं धुकं बरंचसं निवळेल. यात तीन तुकडे आहेत : को, मोरे आणि बी. ‘को’ म्हणजे झाड. सुटं असताना जपानीत झाडाला ‘की’ म्हणतात, पण जुन्या समासांत त्याचं ‘को’ होतं. झाडाखालची सावली ती ‘कोकागे’, झाडांची राई ती ‘कोदाची’. ‘बी’ हे मुळात ‘हि’, म्हणजे सूर्य किंवा ऊन. समासात दुसऱ्या पदाचं पहिलं व्यंजन घोष होण्याची जपानीत रीत आहे, तिला ‘रेंदाकू’ म्हणतात. ‘ह’चा ‘ब’ का, तर हा ‘ह’ फार पूर्वी ‘प’ होता. ‘अप्’ आणि ‘ज’ मिळून ‘अब्ज’ होतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ‘प’चा ‘ब’ झालेला पाहून नवल वाटणार नाही, जरी दोन्हीकडचे नियम वेगळे असले तरी.

खरी गंमत मधल्या तुकड्यात आहे. ‘मोरे’ आलं ‘मोरेरु’ या क्रियापदावरून, आणि ते अगदी रोजच्या वापरातलं आहे. नळ गळतो ती ‘मिझुमोरे’, गॅसची गळती ती ‘गासुमोरे’. गुपित फुटतं तेही ‘मोरेरु’, आणि बंद दाराच्या फटीतून उजेड बाहेर येतो तोही ‘मोरेरु’च. पावसात छप्पर गळतं त्याला ‘आमामोरी’ म्हणतात, ते याच कुळातल्या ‘मोरु’ या जुन्या क्रियापदावरून. तेव्हा कोमोरेबी म्हणजे शब्दशः ‘झाड-गळ-ऊन’. झाडाचं छप्पर गळतंय आणि त्यातून पाण्याऐवजी ऊन येतंय. जपानी शब्दकोशातला अर्थही इतकाच सरळ असतो : झाडाच्या फांद्या-पानांमधून आत येणारं ऊन.

चित्रपटातली व्याख्या याहून बरीच पुढे जाते. वाऱ्यानं हलणारी पानं, प्रकाशाबरोबर सावलीही, आणि हे दृश्य त्या एका क्षणापुरतंच असतं, असं ती सांगते. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकानं आपल्या गोष्टीचं सूत्र त्या शब्दात ओतलं आहे आणि गोष्टीपुरतं ते शोभतंही. पण वारा, सावली आणि क्षणभंगुरता या तिन्ही गोष्टी शब्दाच्या अर्थात नाहीत. वारा पडलेला असताना, पान हलत नसतानाही कोमोरेबी असते. ‘भाषांतर न होणारे शब्द’ अशा याद्यांमधून फिरणाऱ्या बऱ्याच शब्दांचं असंच होतं. एकानं चढवलेला भाव पुढच्याला मूळ अर्थ वाटू लागतो.

झाडांतून उजेड ‘गळतो’ ही कल्पना मात्र जुनी आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बादशहाच्या आज्ञेनं सिद्ध झालेल्या ‘कोकिनशू’ या काव्यसंग्रहात एका अनाम कवीची शरदावरची कविता आहे. तिची सुरुवात ‘को नो मा योरी मोरीकुरु त्सुकी नो’ अशी. झाडांमधल्या फटींतून गळत येणारा चंद्रप्रकाश पाहिला की कळतं, जिवाला हुरहूर लावणारा शरद आला, असा तिचा आशय. ‘को’ तेच, क्रियापदही त्याच कुळातलं, फक्त सूर्याच्या जागी चंद्र. शिवाय तिथे ‘प्रकाश’ या अर्थी आलेला शब्द आहे ‘कागे’, ज्याचा आजचा नेहमीचा अर्थ सावली! जुन्या जपानीत तो दोन्हींसाठी चालायचा.

आता कवडसा. शब्द सुंदर आहे आणि अनेक ठिकाणी बिनधास्त वापरावा. पण दोन्ही शब्दांची नजर वेगळीकडे आहे. कवडसा कुठे *पडला* ते सांगतो : जमिनीवर, भिंतीवर, कुणाच्या चेहऱ्यावर. तो मोजता येतो, एक कवडसा, चार कवडसे. तो कौलातल्या फटीतूनही येतो आणि मुलं आरशानंही पाडतात, त्याला झाडाची गरज नाही. कोमोरेबी ऊन *कशातून आलं* ते सांगते. तिला झाड हवंच, टेकायला जमीन नसली तरी चालतं. आणि ती मोजायची गोष्ट नाही, तिच्या आत शिरता येतं.

‘कोमोरेबी नो नाका ओ आरुइता’ हे साधं वाक्य घ्या. अर्थ : कोमोरेबीमधून चाललो. ‘कवडशांतून चाललो’ असं केलं, तर वाचणाऱ्याला जमिनीवरचे ठिपके दिसतात, अंगावरचं ऊन दिसत नाही. ‘पानांतून गळणाऱ्या उन्हातून चाललो’ हे मुळाला धरून आहे, पण मराठीत ‘गळणे’ म्हटलं की आधी नळ आणि नाक आठवतं. ‘झिरपणाऱ्या’ केलं की वाक्य कानाला बरं लागतं, फक्त मूळ क्रियापदापेक्षा ते थोडं काव्यमय होतं. तरी मी तेच घेईन : ‘पानांतून झिरपणाऱ्या उन्हातून चालत गेलो’. आता दुसरं वाक्य : ‘कोमोरेबी गा युरेते इरु’, म्हणजे कोमोरेबी हलते आहे. इथे ‘कवडसे हलतायत’ इतकं नेमकं बसतं की दुसरं काही शोधूच नये. शब्द एकच, पण वाक्यागणिक त्याचा मराठी जोडीदार बदलतो.

म्हणजे भाषांतर होत नाही हे खरं नाही. कथा-कादंबरीत हा शब्द ओघात एकदा आला, तर अनुवादक तो सहसा उलगडूनच टाकतात. अडचण येते ती पुनरावृत्तीत. एखाद्या लेखात तो शब्द दहा वेळा आला, की दहा वेळा ‘पानांतून झिरपणारं ऊन’ लिहिणं जड होतं. शीर्षकात किंवा कवितेच्या आखूड ओळीत तर एवढा पसारा मावतच नाही. जिथे लेखनाचा विषयच तो शब्द आहे, तुमच्या चित्रपटाच्या टिपेसारखा, तिथे तो ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि दुकानाचं, बागेचं नाव असेल तर ते विशेषनाम म्हणून तसंच राहतं.

याखेरीज एक कारण आहे, जे मला फारसं पटत नाही : तसाच ठेवला की तो गूढ वाटतो. जपानमध्ये कोमोरेबी हे वृद्धाश्रमांना, दवाखान्यांना, कॅफेंना सर्रास दिलं जाणारं नाव आहे, आपल्याकडे ‘सावली’ किंवा ‘छाया’ असतं तसं. ऐकणाऱ्याला ते प्रसन्न वाटतं, पण कुणी थबकून जीवनाचा अर्थ शोधत नाही. परभाषेत न बदलता ठेवल्यावर नेमका हा साधेपणा हरवतो. उलट झाडाखालच्या दाट अंधाराला ‘कोशितायामी’ म्हणतात. हायकूत तो उन्हाळ्याचा ऋतुशब्द आहे, घडणही कोमोरेबीसारखीच, तुकडे जोडून केलेली. पण तो अशा याद्यांमध्ये क्वचितच दिसतो. अंधाराला गिऱ्हाईक कमी!

जाता जाता : घरात स्वतःला कोंडून घेणाऱ्यांसाठीचा ‘हिकिकोमोरी’ हा शब्द कानाला जवळचा वाटतो, पण त्याचा इथे संबंध नाही. तिथलं क्रियापद ‘कोमोरु’, म्हणजे आत दडून बसणं. आपल्या शब्दाची फोड को-मोरे-बी अशीच करायची.