'लाय' आणि 'ले' यांतला घोळ: भूतकाळ निवडताना मराठीतला 'ने' कसा उपयोगी पडतो

प्रश्न: मी सोलापुरात आठवी-नववीच्या मुलांची घरगुती शिकवणी घेते. सरावाच्या एका वाक्यात 'आजी दुपारभर बाजेवर पडून होती' या अर्थाने 'ग्रँडमदर ___ ऑन द कॉट ऑल आफ्टरनून' असे होते. सगळ्या मुलांनी 'लेड' लिहिले, दोघांनी 'लाइड', आणि उत्तरसूचीत मात्र 'ले' आहे. ही छपाईची चूक आहे का? नसेल, तर लाय-ले, राइझ-रेझ आणि सिट-सेट या जोड्या मुलांना कशा समजावून सांगाव्यात?

उत्तर:

उत्तरसूची बरोबर आहे. आपल्या मुलांनी केलेली चूकही अत्यंत स्वाभाविक आहे, कारण इंग्रजीने येथे एकच शब्द दोन कामांना लावला आहे. 'लाय' म्हणजे पडणे, आडवे होणे. त्याची रूपे लाय, ले, लेन अशी चालतात. 'ले' म्हणजे ठेवणे, अंथरणे, रचणे. त्याची रूपे ले, लेड, लेड अशी चालतात. म्हणजे पहिल्या क्रियापदाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचे मूळ रूप दिसायला हुबेहूब सारखेच आहे. मुलाला 'ले' हे मूळ रूप म्हणून आधी भेटलेले असते, त्यामुळे भूतकाळ हवा म्हटल्यावर तो त्याला 'ड' जोडून मोकळा होतो. 'लाइड' लिहिणाऱ्या दोघांनी तिसरेच क्रियापद वापरले आहे. त्याचा अर्थ 'खोटे बोलली' असा होतो आणि बाजेवरच्या आजीवर विनाकारण आळ येतो.

शिकवण्याची प्रचलित पद्धत अशी की, रिकाम्या जागेनंतर नाम आले तर ले-रेझ-सेट घ्यावे आणि नाम नसेल तर लाय-राइझ-सिट घ्यावे. मीही बरीच वर्षे असेच शिकवत होतो, आणि मुले नेमकी कठीण वाक्यांतच का घसरतात हे मला कळत नव्हते. आपलेच वाक्य पाहा. रिकाम्या जागेनंतर 'ऑल आफ्टरनून' आहे आणि 'आफ्टरनून' हे नामच आहे. परंतु ते 'काय' या प्रश्नाचे उत्तर देत नाही, 'किती वेळ' या प्रश्नाचे देते. नियम पाळणारा मुलगा नाम दिसताच 'लेड' लिहितो. उलट, 'द चादर दॅट ग्रँडमदर ___ ऑन द कॉट वॉज न्यू' या वाक्यात कर्म रिकाम्या जागेच्या आधीच येऊन गेले आहे आणि नंतर नाम दिसते ते जागेचे. तेथे नियमाकडे पाहणारा मुलगा गोंधळतो. मग तो अंदाजाने लिहितो.

याहून भरवशाची कसोटी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडात आधीपासूनच असते. वाक्य साध्या भूतकाळात मराठीत म्हणावे आणि कर्त्याला 'ने' लागतो का ते ऐकावे. 'आजीने चादर अंथरली' येथे 'ने' आला, म्हणून 'लेड'. 'आजी दुपारभर पडून राहिली' येथे 'ने' नाही, म्हणून 'ले'. 'तापमान चढले' म्हणजे 'रोझ', 'दुकानदाराने भाव चढवले' म्हणजे 'रेझ्ड'. 'मांजर बसले' म्हणजे 'सॅट', 'ताईने ताट मांडले' म्हणजे 'सेट'. चादरीच्या त्या वाक्यातही 'आजीने जी चादर अंथरली ती नवी होती' असे म्हणताच 'ने' ऐकू येतो, मग कर्म आधी असो वा नंतर. शब्दांचा क्रम फसवतो, हा प्रत्यय सहसा फसवत नाही.

यालाच जोडून दुसरी खूण सांगावी. या जोड्यांत ज्याला मराठीत 'ने' लागतो, त्या इंग्रजी क्रियापदाच्या भूतकाळाला शेवटी 'ड' लागतो: लेड, रेझ्ड. 'सेट' हाही त्यांतलाच आहे, फक्त त्याच्या शेवटच्या 'ट' मध्ये तो प्रत्यय विरून गेला आहे. ज्याला 'ने' लागत नाही, त्याचा आतला स्वर बदलतो: लाय-ले, राइझ-रोझ, सिट-सॅट. हा योगायोग नाही. आपण पडणे-पाडणे, मरणे-मारणे, सरणे-सारणे अशा जोड्या स्वर बदलून करतो, तशाच जुन्या इंग्रजीतही 'स्वतः करणे' आणि 'दुसऱ्याकडून घडवणे' अशा जोड्या होत्या, आणि लाय-ले व सिट-सेट ही त्यांचीच उरलेली मंडळी आहेत. 'रेझ' मात्र उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला. इंग्रजीचा स्वतःचा शब्द 'रिअर' होता आणि तो आज मुख्यतः मुले किंवा जनावरे वाढवण्याच्या अर्थाने उरला आहे. वर्गात मी 'फॉल' आणि 'फेल' यांची जोडी दाखवीत असे. झाड पडले तर 'फेल', आणि लाकूडतोड्याने झाड पाडले तर 'फेल्ड'. पडण्याचा भूतकाळ आणि पाडण्याचे मूळ रूप येथेही एकच आहे, म्हणजे 'ले'चा घोळ जसाच्या तसा. पण पडणे-पाडणे मुलांच्या ओळखीचे असल्याने तो चटकन ध्यानात येतो.

आता एक उतारा पूर्ण सोडवून दाखवतो. उन्हाळ्यातल्या आपल्याकडच्या दुपारचाच घ्यावा.

'ग्रँडमदर ___ अ चादर ऑन द कॉट अँड ___ ऑन इट ऑल आफ्टरनून. द टेम्परेचर ___ अबव्ह फॉर्टी. अंकल ___ द कर्टन टु लेट द ब्रीझ इन. द कॅट ___ बाय द वॉटर-पॉट दॅट आँट हॅड ___ निअर द डोअर.'

पहिल्या जागी आजीने चादर अंथरली, म्हणून 'लेड'. त्याचे स्पेलिंग 'पेड' आणि 'सेड' यांच्या वळणाचे, म्हणजे एल-ए-आय-डी असे आहे. मुले वायनंतर ईडी जोडतात, ते आवर्जून तपासावे. दुसऱ्या जागी कर्ता तीच आजी आहे आणि इंग्रजीने तो पुन्हा लिहिलेला नाही, परंतु मराठीत आपल्याला 'आणि ती दुपारभर त्यावर पडून राहिली' असा कर्ता बदललेल्या रूपात म्हणावाच लागतो. 'तिने' चे 'ती' झाले, म्हणून 'ले'. तापमान चाळीसच्या वर चढले, म्हणून 'रोझ'. काकांनी पडदा वर केला, म्हणून 'रेझ्ड'. आदरार्थी बहुवचनात 'ने' चा 'नी' होतो, हे मुलांना एकदा सांगून ठेवावे. मांजर बसले, म्हणून 'सॅट'. काकूने माठ ठेवला होता, म्हणून 'सेट'. आधी 'हॅड' आहे, पण या क्रियापदाची तिन्ही रूपे सारखीच असल्याने काही बदलत नाही. तेच 'हॅड' पडण्याच्या क्रियापदाआधी आले असते, तर 'लेन' लिहावे लागले असते.

ही कसोटी कोठे अडते तेही सांगतो, कारण मुले नेमके तेच विचारतात. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागत नाही. 'मी चादर अंथरली' यात तो ऐकू येणार नाही, म्हणून कर्त्याच्या जागी 'त्याने' किंवा 'तो' घालून पाहावे. तसेच 'ती चादर अंथरत होती' किंवा 'अंथरू लागली' अशा वाक्यांतही 'ने' नाहीसा होतो. 'शी वॉज ___' अशी जागा आली, तर आधी वाक्य साध्या भूतकाळात आणावे, 'तिने अंथरली' असे म्हणून घ्यावे, आणि मग 'लेइंग' लिहावे. दुसरी अडचण कारणाच्या 'ने' ची आहे. 'वाऱ्याने धूळ उडाली' यात 'ने' आहे, पण उडाली ती धूळ. वारा हे केवळ कारण आहे. 'वाऱ्याने धूळ उडवली' म्हटले तरच 'द विंड रेझ्ड द डस्ट'. येथे कर्ता कोण ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सर्वांत जास्त गुण जातात ते 'ठेवलेले होते' या प्रयोगामुळे. 'द बुक ___ ऑन द टेबल' याचे मराठी मुले सहज 'पुस्तक टेबलावर ठेवलेले होते' असे करतात, त्यात 'ठेवणे' ऐकू येते आणि 'लेड' लिहून टाकतात. परंतु इंग्रजी वाक्यात ठेवणारा कोणी नाही, पुस्तक आपले तेथे पडलेले आहे, म्हणून 'ले'. रिकाम्या जागेआधी 'वॉज' छापलेले असेल तरच 'लेड' चालेल, कारण मग ते कर्मणी वाक्य होते. मुलांना एवढेच सांगावे की, मराठी करताना इंग्रजी वाक्यात नसलेला माणूस आणू नये.

पर्यायांच्या प्रश्नात आणखी एक छोटी सोय आहे. कर्ता एकवचनी तृतीयपुरुषी असून 'ही ले' असे शेवटच्या 'एस' शिवाय छापले असेल, तर ते वर्तमानकाळाचे असूच शकत नाही. ते 'लाय' चा भूतकाळच आहे. 'शी सेट द प्लेट्स' हेही तसेच भूतकाळी. 'दे ले' असे अनेकवचन आले, तर ही सोय संपते आणि 'येस्टर्डे' किंवा 'एव्हरी मॉर्निंग' यांसारखा शब्द शोधावा लागतो.

सोलापुरात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुले बरीच असतात. या भाषांत कर्त्याला 'ने' सारखा प्रत्यय लागत नाही, त्यामुळे अशा मुलाचे मराठी थोडे कच्चे असेल तर कसोटीही कच्ची पडते. त्याच्याकडून क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' असा प्रश्न विचारून घ्यावा. 'काय अंथरले?' याला उत्तर मिळते. 'काय पडून राहिली?' हा प्रश्नच बनत नाही.

अपवाद म्हणाल तर 'सेट' मध्येच आहेत. सूर्य मावळला, दही लागले, सिमेंट घट्ट झाले: या तिन्ही ठिकाणी मराठीत 'ने' नाही, तरीही इंग्रजीत 'सेट' च येतो, 'सॅट' नाही. आणि आईने बाळाला खुर्चीवर बसवले, तर 'ने' असूनही 'मदर सॅट द बेबी ऑन द चेअर' हे शुद्ध आहे. लाय-ले आणि राइझ-रेझ या जोड्या पक्क्या झाल्यावरच ही चार वाक्ये मुलांपुढे ठेवावीत. आधी ठेवली, तर मुले अपवादच लक्षात ठेवतात.