आधी बघ, मग उचल

चि. पोरी,

तुझी वही वाचून काढली. परवा ती माझ्या हातात कोंबून तू विचारलंस, "मावशी, हिला झोपेचा काही आजार आहे का?" आजार नाही. १९ दिवसांची पोर १९ दिवसांच्या पोरीसारखीच झोपते आहे. तुझ्या जाऊबाईंचा आठ महिन्यांचा मुलगा रात्री नऊला झोपतो आणि सकाळी सहाला उठतो, हे त्या तुला रोज फोनवर ऐकवतात, म्हणून तुला हिची झोप मोडकी वाटते. त्याच्या झोपेशी हिची झोप मोजायला बसू नकोस. दोघांच्या झोपेची घडणच वेगळी आहे.

सोमवारची रात्र घेऊ, कारण ती तू अगदी मिनिटं टाकून लिहिली आहेस. सव्वादहाला अंगावर पाजलंस, पाजता पाजताच डोळा लागला. लगेच पाळण्यात ठेवलंस, तर दोन्ही हात फेकून दचकली आणि रडली. पुन्हा मांडीवर घेतलंस, साडेदहाला झोपली. जावयांचा फोन आला म्हणून वीस मिनिटं तशीच मांडीवर राहिली आणि १०.५० ला पाळण्यात ठेवलीस तेव्हा हूं की चूं केलं नाही. ११.२० ला "उठली". तू दिवा लावलास, लंगोट बदललास, आईने गरम पाणी आणलं, मग दूध. झोपायला सव्वाबारा. पुन्हा १.०५ ला "उठली". पुन्हा दिवा, पुन्हा लंगोट. पुढचं तुझं अक्षरच लागत नाही.

आता साडेदहा ते ११.२० किती झाले? पन्नास मिनिटं. सव्वाबारा ते १.०५? तेवढीच. नवजात बाळाच्या झोपेचा एक फेरा साधारण पन्नास ते साठ मिनिटांचा असतो, तुझामाझा दीडएक तासाचा. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी आपणही किंचित वर येतो, कूस बदलतो आणि पुन्हा खाली जातो. सकाळी आपल्याला ते आठवतही नाही, कारण मध्येच कोणी आपल्याला उचलून दिवा लावत नाही.

तुला मी विचारलं होतं, "११.२० ला तिचे डोळे उघडे होते का?" तू म्हणालीस, आठवत नाही, कण्हत होती, हातपाय हलवत होती. माझं सगळं भांडण त्या "आठवत नाही"शी आहे. आधी बघ, मग उचल.

काय बघायचं ते सांगते. नवजाताच्या झोपेचा जवळजवळ निम्मा भाग हलत्या झोपेचा असतो. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, कधी पापणी अर्धवट उघडून पांढरं दिसतं, कपाळाला आठ्या पडतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, श्वास भरभर चालतो आणि मध्येच पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो. कण्हणं, कुंथणं, एखादी बारीकशी रडण्याची तान, सगळं झोपेतच. आपल्या आज्या पाळण्याशी बसून "सटवाई हसवतेय गं" म्हणायच्या ती हीच झोप. मोठेपणी स्वप्नाच्या झोपेत आपलं अंग सैल पडतं. एवढ्याशा जिवाला तो आवर अजून नीट आलेला नसतो, म्हणून हातपाय उडतात. दुसरी झोप शांत. त्यात चेहरा निवांत, श्वास एकसारखा, हात उचलून सोडला तर टपकन खाली पडतो.

आणि मोठी मेख इथे आहे. तू-मी झोपतो तेव्हा आधी शांत झोपेत शिरतो. नवजात बाळ शिरतं हलत्या झोपेतून. ते उलटून मोठ्यांसारखं व्हायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून पाजता पाजता डोळा लागल्या लागल्या ठेवलंस की ती दचकते. फोनमुळे मिळालेल्या वीस मिनिटांत ती शांत झोपेत उतरली होती, म्हणून तेव्हा गप राहिली. फोन येण्याची वाट बघायची गरज नाही. मूठ सैल झाली आणि श्वास एका लयीत आला की आधी ढुंगण टेकव, मग डोकं, आणि हात लगेच काढू नकोस, छातीवर मिनिटभर राहू दे.

१९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळे फिरणाऱ्या झोपेचा शोध जगापुढे मांडला. त्याआधी हा असेरिन्स्की महिनोन्‌महिने तान्ह्या बाळांच्या पापण्यांकडे बघत बसला होता. तुला महिने नकोत, मिनिटभर बघ. ११.२० ला कण्हली तर दिवा न लावता पाळण्याशी जा. डोळे मिटलेले आणि आवाज येतो-जातो असा असेल तर हात मागे बांधून उभी राहा. बऱ्याचदा ती पुढच्या फेऱ्यात आपली आपण उतरेल. डोळे उघडले, तोंड इकडेतिकडे वळवून शोधायला लागली, मूठ तोंडात घालायला लागली, तर ती भुकेली आहे. मग रडू फुटायची वाट बघायची नाही, लगेच घ्यायची. रडू दे म्हणजे सवय लागेल असं जे कोणी तुला सांगतंय ते या वयाला लागू नाही. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हेच या वयाचं गणित. मी रडू दे म्हणत नाही. मी म्हणते, आधी बघ.

वॉर्डात मला यावरून काय काय ऐकावं लागलं ते तुला माहीत नाही. "सिस्टर दगडाच्या काळजाच्या, पोर कण्हतंय आणि या नुसत्या बघत उभ्या." एका डॉक्टरीणबाईंनी तर नातेवाइकांसमोर झापलं होतं. मी उभी राहिले, कारण झोपलेलं पोर उचललं की ते खरंच जागं होतं आणि मग सगळा वॉर्ड जागा होतो. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. सल इतकीच की माझ्या लेकीच्या वेळी रजा संपली, रात्रपाळ्या लागल्या आणि तिच्या पाळण्याशी हे बघत उभं राहणं माझ्या वाट्याला आलंच नाही. दुसऱ्यांच्या पोरांच्या पापण्या मात्र रात्र-रात्र बघितल्या. असो.

आता दिवस-रात्रीचं. तुझ्या वहीत सगळ्यात लांब झोप कुठली आहे? सकाळची दहा ते दोन. तेल लावून, न्हाऊ घालून बाई गेल्या की सलग चार तास. घर मांजराच्या पावलांनी चालतं, पडदे ओढलेले, मिक्सर बंद. आणि रात्री? अप्पा गुजरीतलं दुकान बंद करून दहाला घरी येतात, ट्यूबलाइट लागते, नातीला मांडीवर घेऊन गाणी होतात, टीव्ही चालू. सांग, पोरीने दिवस कशाला म्हणायचं?

तिच्याकडे अजून घड्याळच नाही. पोटात असताना तिला तुझं होतं. अंधार पडला की शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं तुझ्या रक्तातलं मेलाटोनिन हे संप्रेरक वारेतून तिच्यापर्यंत जायचं. नाळ कापली आणि ते बंद झालं. तिचं स्वतःचं मेलाटोनिन रात्र ओळखून तयार व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. शिवाय तू दिवसभर चालायचीस तेव्हा ती आत झुलून झोपायची आणि रात्री आडवी झालीस की लाथा मारायची. हे तूच मला सातव्या महिन्यात सांगितलं होतंस.

म्हणून सकाळी बाळंतिणीच्या खोलीचे पडदे उघड. ऊन अंगावर नको, उजेड पुरे. कुकरच्या शिट्ट्या होऊ देत. दिवसा तीन तास झोपली की उठवून पाज, गप्पा मार. रात्री साडेआठनंतर झिरोचा दिवा. लंगोट शी केली असेल किंवा फार ओला असेल तरच बदल, बोलू नकोस, पाज आणि ठेव. रात्रीच्या तुझ्या दुधातही मेलाटोनिन असतं, म्हणून रात्री अंगावर पाजणं टाळू नकोस. अप्पांना सकाळी दुकानाआधी नात द्या, हवी तेवढी खेळवू देत. याने आठवड्यात चमत्कार होणार नाही. रडण्याचा कळस तर सहाव्या आठवड्याच्या आसपास येतो, तेव्हा तुला वाटेल मावशी खोटं बोलली. पण लांब झोप हळूहळू रात्रीकडे सरकेल. पुढे चौथ्या महिन्यात झोपेची घडण बदलताना पुन्हा गोंधळ होईल, त्याचं तेव्हा बघू.

तुझी पोर २.८ किलोची जन्मली, चौथ्या दिवशी २.६ झाली आणि चौदाव्या दिवशी २.९ भरली. जन्माचं वजन भरून आलंय, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात, म्हणून मी तुला रात्री गजर लावून उठवायला सांगत नाही. वजन भरलं नसतं, पोर अपुऱ्या दिवसांची असती किंवा कावीळ असती, तर दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायलाच सांगितलं असतं. उठवूनही उठत नाही, दूध ओढत नाही, अंग १०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा त्याहून गरम आहे, श्वास वीस सेकंद थांबतो किंवा ओठ निळे पडतात, यातलं एक जरी दिसलं तरी मला फोन करत बसू नकोस, रिक्षा काढ आणि दवाखाना गाठ.

शेवटचं म्हणजे ती मोहरीची उशी. डोकं गोल होतं म्हणून आईने कौतुकाने शिवली आहे, ते दिसतंच आहे. ती पाळण्यातून काढ. जाड गोधडी काढ, कडेचे लोडही काढ. उताणी, सपाट कडक गादीवर, आणि आजूबाजूला काही नाही. शेजारच्या काकू सांगतात तसं "गाढ झोपावी म्हणून पालथी" तर चुकूनही नाही. पालथं बाळ गाढ झोपतं हे खरं आहे, आणि भीती तीच आहे. नाक दबलं तर दचकून जागं व्हायची तिची ताकद त्या झोपेत कमी होते. आज तुला वैताग आणणारी ही हलकी, तुटक झोपच तिला राखते आहे. उशीवरून आई रुसली तर माझं नाव सांग. तिचं माझं भांडण शाळेपासूनचं आहे, त्यात एकाची भर.

तुझी,
मावशी